टिकून राहणं हे एकट्याचं काम नव्हे

दहावीचा निकाल ऑनलाइन लागतो तो दुपारी एकच्या सुमारास, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. शाळेतला निकालाचा दिवस मात्र गुणपत्रिका हातात पडण्याचा. बोर्डाकडून गुणपत्रिकांचा गठ्ठा शाळेत येतो, व्हरांड्यात टेबल मांडलं जातं, पहिल्या तिघांचे पालक पेढ्यांचे बॉक्स घेऊन हजर होतात आणि फाटकावर मुलांचे फोटो छापलेला फ्लेक्स लागतो. मग भाषणं होतात. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका अनुदानित शाळेच्या अशाच कार्यक्रमात मुख्याध्यापिका बाईंनी केलेलं भाषण मी ऐकलं. नेहमीच्या भाषणांपेक्षा ते बरंच वेगळं होतं.

त्यांच्याआधी संस्थेचे अध्यक्ष बोलून गेले होते. हल्लीच्या मुलांमध्ये ‘रेझिलिअन्स’ उरलेला नाही, जरा काही झालं की मुलं कोलमडतात, आमच्या वेळी असं नव्हतं, असं म्हणून ते खाली बसले. टाळ्याही पडल्या. बाई उठल्या आणि म्हणाल्या, “साहेबांनी शब्द चांगला वापरला. पण इथे बसलेल्या निम्म्या लोकांना तो कळला नसेल, आणि उरलेल्यांना चुकीचा कळला असेल. म्हणून आज मी त्या एकाच शब्दावर बोलणार आहे.”

त्यांनी व्याख्या अगदी साधी केली. मुलाच्या वाट्याला मोठी अडचण आली आणि तरीही ते पुढे बऱ्यापैकी नीट वाढलं, शिकलं, माणसांत राहिलं, तर त्याला रेझिलिअन्स म्हणायचं. यात दोन अटी आहेत. अडचण खरी असली पाहिजे, आणि नंतरची वाटचाल बरी झाली पाहिजे. दोन्हींपैकी एक जरी नसेल तरी हा शब्द लागू पडत नाही. मानसशास्त्रातले अभ्यासकही साधारण अशाच दोन अटी घालतात.

या दोन अटी लावल्या की निकालाच्या दिवशीचं चित्र बरंच बदलतं. बाई पहिल्या रांगेकडे वळून म्हणाल्या, “तुम्हाला शहाण्णव टक्के पडले. तुमचं कौतुकच आहे, भरपूर अभ्यास केलात. पण तुम्ही अडचणीत टिकता की नाही, हे या शहाण्णवावरून मला कळत नाही. तुमची ती परीक्षा अजून झालेलीच नाही. कदाचित अकरावीच्या पहिल्या चाचणीत होईल, जेव्हा आयुष्यात पहिल्यांदा पन्नासात अठरा पडतील. तेव्हा माझ्याकडे या.” सभागृहात थोडा हशा पिकला, पण पहिल्या रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या नाहीत.

मग त्यांनी एका मुलीबद्दल सांगितलं. नाव सांगितलं नाही आणि ती कुठे बसली आहे तिकडे पाहिलंही नाही. तिला एकसष्ट टक्के मिळाले होते. तिचे आईवडील दर वर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे दहावीचं जवळजवळ सगळं दुसरं सत्र आणि बोर्डाची परीक्षा, दोन्ही त्यांच्या गैरहजेरीत पार पडली. ती आजीजवळ राहिली. पाणी भरणं, शेळ्यांचं बघणं, धाकट्या भावाला शाळेत पाठवणं आणि मग अभ्यास, असा तिचा दिवस होता. “हे एकसष्ट टक्के म्हणजे रेझिलिअन्स,” बाई म्हणाल्या. “पण थांबा. आता तुम्ही म्हणाल, काय जिद्दीची मुलगी आहे! जिद्द आहेच. पण या गोष्टीतून आजी काढून टाकली, तर काय उरतं?”

इथून भाषण खऱ्या मुद्द्याकडे वळलं. गरिबीत शिकून यश मिळवलेल्या मुलांच्या बातम्या निकालानंतर आपण दर वर्षी वाचतो. त्यांत मूल असतं, परिस्थिती असते आणि जिद्द असते. फी भरायला मुदत देणारे लेखनिक, रोज संध्याकाळी वर्ग उघडा ठेवणारे सर, शेजारच्या काकू आणि घरची आजी यांची त्या बातमीत फार तर एका ओळीत बोळवण होते. सगळं श्रेय मुलाच्या मनाच्या ताकदीला दिलं की त्याची दुसरी बाजू आपोआप तयार होते. जो नापास झाला त्याच्या मनात ताकद नव्हती, असा तिचा अर्थ. आणि तो अर्थ त्या सभागृहातल्या नापास मुलांपर्यंत कुणी न सांगता पोहोचतो.

बाई शास्त्राच्या शिक्षिका. बोलण्याला आधार म्हणून त्यांनी एका बेटाची गोष्ट सांगितली. ती इथे थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण रेझिलिअन्सवर आज जे काही बोललं जातं त्यातलं बरंच त्या बेटावरून आलेलं आहे.

पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांपैकी एक आहे कवाई. १९५० च्या दशकात तिथे उसाचे आणि अननसाचे मळे होते आणि त्यांत राबणारी कुटुंबं जपानी, फिलिपिनो आणि मूळ हवाईयन वंशाची होती. ऊस, मळे आणि मजुरी म्हटल्यावर बीडच्या सभागृहात वेगळं समजावण्याची गरज पडली नाही. १९५५ साली या बेटावर जन्मलेल्या सगळ्या मुलांवर, म्हणजे ६९८ मुलांवर, पुढे अनेक दशकं लक्ष ठेवण्यात आलं. या कामाशी सगळ्यात जास्त जोडलं गेलेलं नाव म्हणजे मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर, आणि त्यांच्या सहकारी रूथ स्मिथ. मुलं एक वर्षाची असताना, दोन वर्षांची असताना, मग दहाव्या, अठराव्या, बत्तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी, अशा टप्प्यांवर त्यांची माहिती घेतली गेली.

यातल्या साधारण एक तृतीयांश मुलांची सुरुवातच अवघड होती. गरिबी, जन्माच्या वेळची गुंतागुंत, घरात सतत भांडणं, आईवडिलांपैकी कुणाला दारूचं व्यसन किंवा मानसिक आजार, यांतल्या एक-दोन नव्हे, चार किंवा त्याहून जास्त गोष्टी वयाच्या दोन वर्षांच्या आत त्यांच्या वाट्याला आल्या होत्या. अशा मुलांपैकी दोन तृतीयांश मुलांना पुढे शाळेत, वागण्यात किंवा मनाच्या आरोग्यात गंभीर अडचणी आल्या. इथपर्यंत कुणालाच नवल वाटलं नसतं. नवल होतं ते उरलेल्या एक तृतीयांशाचं. ही ७२ मुलं अठराव्या वर्षापर्यंत चांगली, आत्मविश्वासाची, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसं होण्याच्या वाटेवर होती.

त्यांच्यात वेगळं काय होतं? थोडं जन्मजात होतं. त्यांच्यातली बरीच मुलं तान्ह्या वयात शांत, हसरी, माणसांना ओढून घेणारी होती. पण फार मोठी तफावत त्यांच्या भोवतालच्या माणसांत सापडली. घर कितीही विस्कटलेलं असो, या मुलांना लहानपणी किमान एक तरी माणूस असं मिळालं होतं, जे त्यांना धरून राहिलं. ते अनेकदा आई किंवा वडील नव्हते. आजी-आजोबा होते, मावशी होती, शेजारी होते, शिक्षक होते. दुसरी गोष्ट अशी की यांतल्या अनेकांवर घरात एखादी खरी जबाबदारी होती, जी त्यांनी पार पाडली नसती तर घराचं अडलं असतं. तिसरी गोष्ट, बहुतेकांना एखादं तरी काम किंवा छंद असा होता, ज्यात ते चांगले होते आणि ज्याचा त्यांना अभिमान होता. ते शाळेतल्या पहिल्या तिघांत असण्याची गरज नव्हती.

“आता आपल्या मुलीकडे बघा,” बाई म्हणाल्या. “आजी होती. शेळ्या आणि भाऊ तिच्यावर अवलंबून होते. आणि तिच्याइतकी कबड्डी आपल्या शाळेत कुणी खेळत नाही. हे तिने एकटीने मनातून काढलेलं नाही. हे तिच्याभोवती होतं, आणि तिने ते धरून ठेवलं. दोन्ही लागतं.”

कवाईचा पुढचा भाग निकालाच्या दिवशी जास्त ऐकण्यासारखा आहे. ज्या दोन तृतीयांश मुलांची अठराव्या वर्षी गाडी रुळावरून घसरलेली होती, त्यांचं काय झालं? त्यांतल्या बऱ्याच जणांनी तिशीत आणि चाळिशीत आपलं आयुष्य नीट बसवलेलं होतं. काहींनी उशिरा कॉलेज धरलं, काही सैन्यात गेले, काहींना स्थिर स्वभावाचा जोडीदार मिळाला, काही एखाद्या धार्मिक समूहात रुजले. शाळा सुटल्यावर एखादा दुसरा दरवाजा उघडा मिळणं हा त्या सगळ्यांतला समान धागा. म्हणजे सोळा-अठराव्या वर्षी जे दिसतं त्यावरून निकाल लावणं, हे खुद्द या विषयाच्या एका नावाजलेल्या अभ्यासात चुकीचं ठरलं.

त्याच अभ्यासातली आणखी एक बाब फारशी सांगितली जात नाही. जे टिकले त्यांनाही टिकण्याची किंमत मोजावी लागली. तिशीच्या सुमारास त्यांच्यातल्या अनेक पुरुषांना ताणाशी जोडलेली दुखणी होती. चांगले गुण, चांगली नोकरी यांवरून आत सगळं आलबेल आहे असं धरून चालता येत नाही. एकच मूल अभ्यासात तग धरतं आणि घरी मात्र मिटून राहतं, असंही होतं.

पुढे मिनेसोटा विद्यापीठातल्या ॲन मास्टन यांनी २००१ साली एका लेखात अशा अनेक अभ्यासांचं सार मांडलं. रेझिलिअन्स ही काही थोड्या असामान्य मुलांना लाभलेली देणगी आहे, हा समज त्यांनी खोडून काढला. ती साध्यासुध्या गोष्टींमधून येते: जवळचं माणूस, बरी शाळा, शिकू शकणारा मेंदू, स्वतःला आवरण्याची हळूहळू येणारी सवय. या गोष्टी शाबूत असतील तर बहुतेक मुलं सावरतात. या गोष्टीच मोडल्या तर कितीही जिद्दीचं मूल अडचणीत येतं.

बाईंनी हे सगळं मुलांना एका उदाहरणात बसवून दिलं. हात मोडला तर डॉक्टर “खंबीर राहा” असं सांगून घरी पाठवत नाहीत. ते प्लॅस्टर घालतात. हाड जुळतं ते शरीराच्या ताकदीनेच, पण तोवर त्याला बाहेरून धरून ठेवावं लागतं, वेळ द्यावा लागतो, आणि प्लॅस्टर निघाल्यावर थोडा थोडा भार देत हात पुन्हा कामाला लावावा लागतो. प्लॅस्टर न घालता लगेच पोतं उचलायला लावलं तर हाड वाकडं जुळतं, आणि प्लॅस्टर वर्षभर ठेवलं तर हात वाळतो. “आज ज्यांचा निकाल मनासारखा नाही,” त्या म्हणाल्या, “त्यांना मी धीर देणार नाही. प्लॅस्टर कुठे मिळतं ते सांगणार आहे.”

आणि त्यांनी ते सांगितलं. पण त्याआधी नापास मुलांबद्दल एक गोष्ट बोलल्या, जी मला महत्त्वाची वाटते. २०२५ साली राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. म्हणजे शंभरातले सहा जण मागे राहिले. पूर्वी निम्मा वर्ग नापास व्हायचा. मॅट्रिकच्या दोन-तीन वाऱ्या करणारे घरोघर असायचे आणि ‘ऑक्टोबरला बसलाय’ हे वाक्य कुणी खालच्या आवाजात बोलत नसे. तेव्हा नापास होणं त्रासाचं होतं, पण त्याला सोबत होती. आज वर्गातले पन्नास पास आणि तिघे नापास अशी स्थिती आली की ते तिघे एकटे पडतात. अध्यक्षांच्या वेळची मुलं जास्त कणखर होती असं म्हणण्यापेक्षा, त्यांच्याभोवती त्यांच्यासारखी माणसं जास्त होती, असं म्हणणं अधिक बरोबर ठरेल.

मग बाईंनी मागच्या वर्षीच्या एका मुलाची उत्तरपत्रिका वर धरली. मुलाच्या परवानगीने, नावावर कागद चिकटवून. तो गणितात नापास झाला होता. अंतर्गत मूल्यमापनाचे २० पैकी १३ आणि लेखी परीक्षेचे ८० पैकी ९, असे एकूण २२. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात, म्हणजे १३ कमी. घरी आल्यावर त्याचं म्हणणं एकच होतं: मला गणित येत नाही. बाई आणि गणिताचे सर यांनी त्याला बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायला लावली.

इथे त्यांनी तीन गोष्टींमधला फरक समजावला, कारण दर वर्षी पालक यात घोळ घालतात. गुणपडताळणीत फक्त बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का, एवढंच पाहिलं जातं. पुनर्मूल्यांकनात उत्तरं पुन्हा तपासली जातात, पण त्यासाठी आधी छायाप्रत घ्यावी लागते. आणि छायाप्रत म्हणजे स्वतःच्या उत्तरपत्रिकेची प्रत, जिचा उपयोग फक्त बोर्डाशी भांडायला नसतो. आपण कुठे पडलो हे पाहायला याच्यासारखी दुसरी चीज नाही. या सगळ्यासाठी ऑनलाइन निकालानंतर साधारण पंधरा दिवसांची मुदत असते. गुणपत्रिका हातात येईपर्यंत थांबलं तर त्यातले बरेच दिवस निघून गेलेले असतात. म्हणून निकालाच्या संध्याकाळीच शाळेत यायचं.

छायाप्रत आली तेव्हा चित्र वेगळंच निघालं. गणिताचे दोन पेपर असतात, बीजगणित आणि भूमिती, प्रत्येकी ४० गुणांचे. प्रत्येक पेपरमध्ये पहिला प्रश्न एकेका गुणाच्या आठ लहान उपप्रश्नांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात ‘कृती पूर्ण करा’ असा भाग असतो, त्याचे मिळून सात गुण. म्हणजे दोन पेपरांतले तीस गुण अशा प्रश्नांचे आहेत, ज्यांत लांबलचक उत्तर लिहायचं नसतं. या मुलाने पहिल्या प्रश्नातले थोडेफार सोडवले होते. कृतीच्या चौकटी दोन्ही पेपरांत कोऱ्या होत्या. उरलेला सगळा वेळ त्याने चार गुणांच्या दोन अवघड उदाहरणांवर घालवला होता आणि ती दोन्ही चुकली होती.

सरांनी त्याला सरावासाठी एक कृती दिली: 2x² − 5x + 3 = 0 या समीकरणाचा विवेचक काढा. चौकटींत a, b आणि c च्या किमती भरायच्या, मग b² − 4ac मध्ये त्या घालायच्या. 25 − 24 = 1, संपलं. मुलाने ते दोन मिनिटांत केलं. मग परीक्षेत का केलं नव्हतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘विवेचक’ हा शब्द बघितला आणि पुढे वाचलंच नाही.

“याला काय येत नव्हतं?” बाईंनी सभागृहाला विचारलं. “गणित? थोडं येत नव्हतंच. पण तेरा गुण कमी पडले ते गणित न येण्याने नव्हे. घाबरून प्रश्न न वाचल्याने पडले. ‘मला गणित येत नाही’ या वाक्यावर काही करता येत नाही. ‘मी कृतीचे प्रश्न सोडून देतो’ या वाक्यावर उद्या सकाळपासून काम करता येतं.”

जून-जुलैत बोर्डाची पुरवणी परीक्षा होते. अंतर्गत गुण तेवढेच राहिले असं धरलं तर त्याला लेखीत ८० पैकी २२ हवे होते. रोज एक कृती आणि एक गुणाचे आठ प्रश्न, एवढाच नेम सरांनी त्याला घालून दिला. अवघड उदाहरणांना हात लावायचा नाही, हेही बजावलं. सरांनी रोज संध्याकाळी तपासलं. तो पास झाला, काठावर, पण झाला. एक किंवा दोन विषय राहिलेल्या मुलांना एटीकेटीची सवलत मिळते, त्यामुळे अकरावीचा प्रवेशही अडत नाही. तो विषय मात्र नंतर सोडवावाच लागतो.

सगळ्यांचं असं होत नाही, हे बाईंनी लपवलं नाही. पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण होण्याचं प्रमाण मार्चच्या परीक्षेच्या मानाने बरंच कमी असतं. त्याच वर्षी दुसरा एक मुलगा जुलैत पुन्हा बसला आणि पुन्हा नापास झाला. त्याने छायाप्रत मागवली नव्हती, जुनंच गाइड पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं होतं, आणि दुपारी तो दुकानात कामाला जात असल्यामुळे सरांकडे येऊ शकत नव्हता. “तो कमी जिद्दीचा नव्हता,” त्या म्हणाल्या. “त्याने महिनाभर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून वाचलं. चूक तीच राहिली आणि सोबत कुणी नव्हतं. ते आमच्याकडून राहून गेलं. यंदा दुकानात काम करणाऱ्यांसाठी सर रात्री साडेआठला वर्ग घेणार आहेत.”

शेवटची दहा मिनिटं पालकांसाठी होती. आज संध्याकाळी नातेवाइकांचे फोन येतील आणि प्रत्येक जण ‘किती पडले?’ हेच विचारेल. ते फोन पालकांनी घ्यायचे, मुलाच्या हातात द्यायचे नाहीत. चुलत भावाचे गुण आज घरात काढायचे नाहीत. मूल रडलं तर रडू द्यायचं. पहिले काही दिवस जेवण कमी होणं, चिडणं, खोलीत बसून राहणं हे होणारच. ‘एवढं काय त्यात’ असं म्हणायचं नाही, कारण त्याच्या दृष्टीने त्यात बरंच काही आहे. आणि पुढे काय करायचं याची चर्चा त्याच रात्री नको, दुसऱ्या दिवशी पोटात काही गेल्यावर करायची. पण मुदतीचे दिवस मोजून ती चर्चा पहिल्या आठवड्यातच उरकायची.

कुठवर वाट पाहायची, हेही त्यांनी सांगितलं. दोन आठवडे उलटले तरी झोप नीट लागत नसेल, मित्रांना भेटणं पूर्ण बंद झालं असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. आणि ‘मी तुमच्यावर ओझं आहे’, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशी भाषा एकदा जरी ऐकू आली, किंवा मूल निरवानिरवीचं बोलायला लागलं, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, सरळ विचारायचं आणि त्याच दिवशी मदत घ्यायची. असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नको तो विचार शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट विचारल्यावर मूल बोलतं. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. बाईंनी तो क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि कार्यक्रम संपेपर्यंत पुसू दिला नाही. देशात २०२२ या एका वर्षात १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी जीव गमावला आणि त्यात आपल्या राज्यातली संख्या सर्वांत जास्त होती. त्यामागे घर, आजार, नातेसंबंध अशी अनेक कारणं असतात, एकटा निकाल क्वचितच असतो. पण निकालाचे दिवस हे सावध राहण्याचे दिवस आहेत, असं त्या म्हणाल्या.

कार्यक्रमानंतर शिक्षकखोलीत गेलो तर टेबलावर एक यादी होती. त्या वर्षी अनुत्तीर्ण झालेली नऊ मुलं आणि अपेक्षेपेक्षा फार कमी गुण मिळालेली सहा, अशी पंधरा नावं. प्रत्येक नावापुढे एका शिक्षकाचं किंवा शिपाईमामांचं नाव लिहिलेलं होतं. ज्या मुलाचं ज्याच्याशी जास्त बोलणं, त्याच्याकडे ते मूल. तीन आठवडे, दोन दिवसांआड एक फोन किंवा घरी चक्कर, अर्ज भरायला मदत आणि जुलैच्या परीक्षेपर्यंत पाठपुरावा, एवढंच काम. कवाई बेटावरच्या मुलांना जे ‘एक माणूस’ नशिबाने मिळालं होतं, ते इथे यादी करून नेमलं होतं. नेमलेलं माणूस आजीची जागा घेईल असं नाही. काही फोन उचललेच जाणार नाहीत, काही शिक्षक दुसऱ्या आठवड्यात कंटाळतील, हे बाईंनाही माहीत होतं. म्हणून यादीत शेवटी एक रकाना होता: ‘बोलणं झालं का, तारीख’.

पुढच्या वर्षी अध्यक्ष पुन्हा म्हणतील की मुलांमध्ये रेझिलिअन्स उरलेला नाही. तसं म्हणायला हरकत नाही, पण त्यासाठी मुलांकडे बघून भागणार नाही. तो रकाना किती भरला आहे, ते आधी बघावं लागेल.